ताकातली चिमूट

उन्हाळ्यातल्या ताकाची कृती कुणालाही विचारा. दही किती, पाणी किती, जिरं कसं भाजायचं हे सगळं नीट सांगितलं जाईल. मिठापाशी आलं की मात्र उत्तर एकच, ‘चवीपुरतं’. घरात कुणाला रक्तदाबाची गोळी चालू नसेल तर या उत्तराने काही बिघडत नाही. चालू असेल, तर त्या ताकात मोजून घ्यावी अशी हीच एक गोष्ट आहे.

आधी दह्याचा हिशोब करू, तो सोपा आहे. पाव किलो दही आणि पाऊण लिटर पाणी एकत्र घुसळलं की साधारण एक लिटर ताक होतं, म्हणजे दोनशे मिलीचे पाच ग्लास. दह्यात मुळातच थोडं सोडियम असतं, शंभर ग्रॅममागे सुमारे ४५ मिलिग्रॅम. त्यामुळे मीठ न घातलेल्या एका ग्लासात फार तर २०-२५ मिलिग्रॅम सोडियम येतं, आणि पोटॅशियम त्याच्या तिप्पट, ७५ मिलिग्रॅमच्या आसपास. थोडं कॅल्शियमही येतं. दह्यावर सुटलेलं निवळ पाणी ओतून देऊ नये, कारण हे क्षार बऱ्याच प्रमाणात त्यातच उतरलेले असतात. रक्तदाब असलेल्या माणसाला असं ताक सहसा निर्धास्तपणे पिता येतं. प्रश्न उभा राहतो तो आपण मिठाच्या बरणीत हात घातल्यावर.

तीन बोटांच्या चिमटीत बारीक मीठ साधारण पाव ते अर्धा ग्रॅम मावतं. ज्याची बोटं जाड, त्याची चिमूट मोठी. चहाचा एक सपाट चमचा भरला तर पाच-सहा ग्रॅम, आणि शिगोशीग भरला तर त्याहूनही जास्त. मिठाच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग सोडियम असतो. म्हणजे एका सपाट चमच्यातून दोन हजार मिलिग्रॅमहून अधिक सोडियम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली दिवसभराची मर्यादाही तेवढीच आहे: दोन हजार मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ. त्यात भाजी, आमटी, भाकरी, लोणचं, पापड सगळं आलं.

ताकाला सर्रास ‘घरगुती इलेक्ट्रोलाइट’ म्हटलं जातं. जुलाबांत देतात त्या ओआरएसच्या एक लिटर पाण्यात सोडियम सुमारे १,७२५ मिलिग्रॅम असतं. दोनशे मिली ताकात पाव चमचा मीठ टाकलं तर त्या ग्लासात पाचशेहून जास्त मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे लिटरमागे अडीच हजाराच्या वर. पाव चमच्याचं ताक ओआरएसपेक्षाही खारट असतं, आणि तरी ओआरएसचं काम करत नाही. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असतात. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यातून आत ओढलं जातं आणि त्यामागून पाणी जातं. पातळ ताकात ग्लुकोज जवळपास नसतंच. जुलाब-उलट्यांत ओआरएसच्या जागी खारं ताक देऊ नये.

मग घामाचं काय? घामातून मीठ जातं हे खरंच आहे. एक लिटर घामात सरासरी नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, पण माणसागणिक त्यात मोठी तफावत. कुणाच्या काळ्या शर्टावर पांढरे पट्टे उमटतात, कुणाच्या नाही. शिवाय शरीर शिकतं. मार्चमधल्या पहिल्या कडक उन्हात घाम खारट असतो. रोज उन्हात काम केलं की आठ-पंधरा दिवसांत शरीर घामातलं सोडियम राखायला लागतं. म्हणून मीठ किती लागेल हे ऊन किती आहे यावरून ठरवण्यात अर्थ नाही, घाम किती गेला हे पाहायचं. पंख्याखाली बसून बाहेरचं ४२ अंश तापमान बातम्यांत पाहणाऱ्याने घामाच्या नावाने मीठ खायचं कारण नाही.

समजा साठीतले एक गृहस्थ आहेत. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू, दुपारी घरीच, संध्याकाळी अर्धा तास चालणं. जेवणाबरोबर एक आणि चार वाजता एक असं दोन ग्लास ताक ते घेतात. घरात लिटरभर ताकात एक चमचा मीठ पडतं, म्हणजे एका ग्लासात सुमारे साडेचारशे ते पाचशे मिलिग्रॅम सोडियम. दोन ग्लासांत दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा संपला. पानात एक पापड असेल तर त्याचे आणखी दोनशेच्या वर, लोणच्याची फोड वेगळी. डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हटल्यावर भाजी अळणी करून हे गृहस्थ आदर्श रुग्ण झालेले असतात. आणि वाचवलेलं मीठ ताकाच्या ग्लासातून परत येत असतं, कारण ताकाला कुणी मिठात धरतच नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे: ताकात कोरडं मीठ घालायचंच नाही, मिठाचं पाणी घालायचं. दहा ग्रॅम मीठ वजन करून घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि एकूण मिश्रण शंभर मिली होईल एवढंच पाणी घाला. बाटलीवर ‘मिठाचं पाणी’ असं ठळक लिहा. याच्या पाच मिलीच्या एका चमच्यात बरोबर अर्धा ग्रॅम मीठ, म्हणजे दोनशे मिलिग्रॅम सोडियम. चमचा औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो, खुणांचा घ्यावा. स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर एक ग्रॅम भरवशाने मोजता येत नाही, दहा ग्रॅम येतात. बाटली करायची ती एवढ्यासाठी. दुसरा फायदा असा की कोरडं मीठ नीट ढवळलं नाही तर तळाशी बसतं आणि शेवटचा ग्लास ज्याच्या वाट्याला येतो त्याला सगळ्यांचं मीठ मिळतं. पाण्यात ते आधीच विरघळलेलं असतं.

वरच्या गृहस्थांच्या लिटरभर ताकात या पाण्याचे तीन चमचे घातले तर एका ग्लासात दह्याचं धरून सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम येतं आणि दोन ग्लासांचा हिशोब तीनशेच्या आत राहतो. एकदम एवढ्यावर आलं तर ताक फिकं लागेल. म्हणून आठ चमच्यांपासून सुरुवात करून दर चार-पाच दिवसांनी एक चमचा उतरवावा. जिभेला काही आठवड्यांत सवय होते आणि जुनं ताक मग खारट लागायला लागतं.

मीठ उतरवताना चवीचा भार मसाल्यावर टाकावा लागतो, आणि इथे हलगर्जी चालत नाही. जिरं मंद आचेवर एक छटा गडद होईपर्यंतच भाजायचं आणि खरबरीत कुटायचं. ते करपलं की ताकाला कडवटपणा येतो, आणि कडवटपणा मारायला हात आपोआप मिठाकडे जातो, कारण मीठ कडू चव खरोखरच दाबतं. लिटरला एक चमचा जिरेपूड, इंचभर आलं किसून पिळलेला रस, अर्धी मिरची ठेचून, मूठभर कोथिंबीर आणि आठ-दहा पुदिन्याची पानं पुरतात. आलं पिण्याच्या वेळीच घाला. तासन्‌तास मुरलं तर ताक कडसर होतं. तूप, हिंग, कढीपत्ता यांची छोटी फोडणी दिली तर मिठाची उणीव निम्मी झाकली जाते. दही किंचित आंबट असावं, आंबटपणा मिठाची चव पुढे आणतो. आणि ताक बर्फगार नको, माठातल्या पाण्याइतकं गार हवं. फार गारठ्यात सगळ्याच चवी बोथट होतात आणि ताक उगाच अळणी वाटतं.

‘आम्ही पांढरं मीठ नाही, सैंधव घालतो’ हे वाक्य इथे हटकून येतं. सैंधव काय नि पादेलोण काय, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पादेलोणाचा तो खास वास गंधकाच्या संयुगांचा, त्याने सोडियम घटत नाही. खडे जाडसर असले तर चमच्यात वजनाने थोडं कमी मावतं, एवढाच काय तो फरक. चाट मसाला आणि तयार ताक मसाल्यातही मीठ भरपूर असतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा मीठ कितव्या नंबरावर आहे ते पाहावं. तयार मसाला ताकाच्या पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, पण तो बऱ्याचदा शंभर मिलीचा. पाकीट दोनशे मिलीचं असेल तर दुप्पट करायला विसरू नये.

कमी सोडियमचं मीठ ही गोष्ट मात्र वेगळी. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं आणि रक्तदाबासाठी ते बऱ्याच जणांना उपयोगी ठरतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतलं काही चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या मंडळींनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताकातच काय, कशातच घालू नये.

आता याची उलट बाजू. रक्तदाब आहे म्हणून भर उन्हात फावडं मारणाऱ्या माणसाने मीठ पार तोडायचं आणि नुसतं पाणी ढोसायचं, हेही धोक्याचं. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड या गोळ्या लघवीवाटे सोडियम आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. त्यात तीन-चार लिटर घाम गेला आणि भरपाईला फक्त पाणी आलं, तर रक्तातलं सोडियम घसरतं: डोकं दुखतं, मळमळतं, पायांत गोळे येतात, पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो. असं बोलणं सुरू झालं की ताक करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. अशा कामकऱ्याला दोन वेळचं साधं जेवण आणि कामाच्या मध्ये बाटलीतल्या मिठाच्या पाण्याचे एक-दोन चमचे घातलेलं ग्लासभर ताक सहसा चालतं, पण त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे दिवसाच्या पाण्यावर मर्यादा असेल, तर ताकाचा ग्लास त्या पाण्यातच मोजायचा.

उन्हाळ्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि पुष्कळांचा रक्तदाब हिवाळ्यापेक्षा खाली येतो. गोळी तीच, दाब कमी. मग उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी घरचे खारट ताक पुढे करतात. त्याआधी पाच मिनिटं शांत बसवून दाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने, किंवा त्याहून जास्त उतरला, तर पाण्याची कमतरता असू शकते किंवा गोळीचं प्रमाण उन्हाळ्याला जास्त होत असेल. आकडे तारीख-वेळेसह लिहून डॉक्टरांना दाखवावेत. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि ती रोज घेऊन वर मिठाचं ताक देऊन दाब सावरायचा नाही. गोळी आणि मीठ एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि डॉक्टरांना पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते कळेनासं होतं.