आतेच्या गालांचं काय करायचं

दोन वर्षांमागे गणपतीत आमच्या कणकवलीजवळच्या घरी सगळ्यांचा एक ग्रुप फोटो काढला, आणि तो बघून आतेने मोबाईल उलटा करून पाटावर ठेवला. तेव्हा तिची किडनीची ट्रीटमेंट चालू होती. लघवीतून प्रोटीन जात होतं, त्यावर स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि मीठ एकदम कमी. आता आमच्याकडे मीठ कमी म्हणजे सुकं, पापड, लोणचं सगळंच गेलं, त्याचं दुःख तिला आजारापेक्षा मोठं होतं. पण फोटो बघून म्हणाली, "बाबू, ही कोण रे?"

मी स्टुडिओत बसतो, लग्नाचे अल्बम करतो, त्यामुळे घरात कुणाचाही फोटो "जरा नीट कर" म्हणून माझ्याकडेच येतो. म्हटलं, हा तर अर्ध्या तासाचा खेळ आहे. नव्हता.

फोटोत ती फिकट, जवळजवळ राखाडी दिसत होती आणि मला वाटलं रक्त कमी झालंय. मग बाजूच्या काकांकडे बघितलं तर तेही तसेच, आणि काका ठणठणीत, सकाळीच नारळ सोलून बसलेले. कारण होतं डोक्यावर. पावसाला म्हणून पडवीच्या पुढे निळी ताडपत्री बांधलेली, त्यातून गाळून आलेला उजेड सगळ्यांच्या तोंडावर. म्हणून पहिला नियम माझा हाच, की आजारी माणसाच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी त्याच उजेडातला शेजारचा धडधाकट माणूस बघायचा. काकांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या सावलीतल्या घडीवर फोटोशॉपच्या Curves मधला करडा ड्रॉपर टेकवला आणि सगळा निळा उतरला. काका माणसात आले. आते मात्र अजून थोडी फिकटच, म्हणजे एवढा फिकटपणा तिचा स्वतःचा.

आता इथे लोक काय करतात, की सगळा चेहरा गरम करतात, म्हणजे पिवळा आणि लाल वाढवतात, आणि माणूस देवगड हापूसच्या पेटीतून काढल्यासारखा दिसतो. फिकट माणसाचा रंग सगळीकडून सारखा जात नाही. ओठ, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा, गालाचा मधला भाग, जिथे एरवी लाली असते तिथली ती जाते आणि मागे पिवळट करडा उरतो. म्हणून तेवढ्याच जागांवर मास्क करून Curves मध्ये ग्रीन जरासा खाली ओढला (ग्रीन उतरला की मॅजेन्टा चढतो), आणि लेयरची ऑपॅसिटी तीस टक्क्यांवर ठेवली. किती रंग द्यायचा ते माझ्या मनाने नाही ठरवलं, तिचाच तीन वर्षांपूर्वीचा तुळशीच्या लग्नातला फोटो बाजूला उघडून ठेवला आणि ओठाकडे बघत थांबलो. एवढं करूनच आते अर्धी परत आली, खरं सांगायचं तर इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मला सूज काढायची होती. सूज दोन प्रकारची होती हे मला नंतर कळलं. डोळ्यांखालची पाण्याची, ती सकाळी जास्त, कारण रात्रभर आडवं झोपल्यावर पाणी तोंडाकडे येतं, आणि संध्याकाळपर्यंत ते पायात उतरतं. आमचा फोटो सकाळच्या आरतीनंतरचा! तोच संध्याकाळी काढला असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं. दुसरी ती गालांची गोलाई, स्टिरॉइडने चरबी तिथे साठते, ती दिवसभर तशीच राहते.

डोळ्याखालची पिशवी म्हणजे फोटोत असतं काय, तर वरती एक उजळ फुगवटा आणि त्याच्याखाली एक काळी रेघ. ती रेघ हिलिंग ब्रशने पुसून टाकली की तिथे प्लास्टिक होतं, साठीच्या बाईला वीस वर्षांच्या मुलीचा डोळा. मी वर एक नवा लेयर घेतला, पन्नास टक्के करड्याने भरला, मोड Soft Light, आणि तीन-चार टक्के फ्लोच्या ब्रशने रेघ थोडी उजळ केली, फुगवटा थोडा दाबला. रेघ निम्मी राहू दिली. हे छान जमलं.

गालांना मात्र Liquify लावलं, मोठा ब्रश, कमी प्रेशर, हळूहळू आत ढकलत गेलो. पहिली मागची दाराची चौकट वाकली. मग Freeze Mask Tool ने चौकट, चष्मा, कानातली कुडी सगळं बांधून ठेवलं आणि परत ढकललं. तर आता कान! फुगलेल्या गालामागे कानाचा अर्धा भाग झाकलेला होता, गाल आत गेला की तो दिसायला पाहिजे, पण फोटोत तो आहेच कुठे. मी उरलेला कान ताणला. मग डोळे बारीक वाटले म्हणून तेही थोडे उघडले, आणि तिथे सगळं गेलं, कारण बघण्याची ढब बदलली. चेहरा बारीक, नीट, कुणाचा तरी.

आतेला दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाबू, ही पण कोण रे?"

मग Liquify चा सगळा लेयर काढून टाकला. गालाच्या हाडाखाली पुसली गेलेली सावली तेवढी त्याच करड्या लेयरवर अगदी फिकी परत दिली, कारण फुगलेला चेहरा सपाट दिसतो तो ती सावली गेल्यामुळेच. गाल होते तेवढेच राहिले. बोटाला हात लावायचा होता, सुजेमुळे सोनाराकडून अंगठी कापून काढलेली, तिथे एक पांढरा वळ होता. ती म्हणाली, तो असू दे, तीस वर्षं होती तिथे.

या सगळ्यात एक गोष्ट चुकलीच. फॅमिली ग्रुपवर मी एडिट केलेलाच टाकला होता. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, सूज गणपतीत कितपत होती, काही फोटो आहे का, आणि आतेभावाने मोबाईलमधून माझाच दाखवला. डोळ्याखाली निम्मी सूज, ओठ गुलाबी. त्याने बाहेर येऊन फोन केला म्हणून कळलं, ओरिजिनल लगेच पाठवला. तेव्हापासून ओरिजिनल आधी ग्रुपवर जातो, आणि डॉक्टरांना दाखवायच्या फोटोला मी रंगालाही हात लावत नाही. भावाच्या फोनमधला तो ब्युटी मोडही बंद करून टाकला, तो तर न विचारताच सगळं पुसतो.

गेल्या गणपतीत गोळ्यांचा डोस बराच उतरलेला. गाल गेले. मला वाटलं होतं माझ्या त्या Liquify वाल्या चेहऱ्यासारखी दिसेल, पण तसं काहीच नाही, हनुवटीखाली कातडी सैल लोंबतेय, गाल जरा खोल, आणि दोन्ही कान पूर्ण दिसतायत. फोटो दाखवला तर म्हणाली, "गेल्या वेळेचो बरो होतो."

"कुठला? मी केलेला?"

"नाय रे. गालांचो."