पळालेल्या चितळांचं अंतर

२४ फेब्रुवारी, रात्र

कुटीतला सोलरचा दिवा नऊनंतर मंदावतो, म्हणून जेवणाआधीच वही उघडून बसले. महिनाभर ट्रान्सेक्ट चालतेय, म्हणजे जंगलात आखलेल्या एकाच रेषेवरून चालत प्राणी मोजतेय. रेषा दोन किलोमीटरची. सूर्य उगवता उगवता सुरुवात करायची, आवाज न करता चालायचं, दीडेक तासात संपवायचं. तृणभक्षी प्राणी दिसला की थांबायचं आणि वेळ, प्राणी, कळपात किती, लेझरच्या रेंजफाइंडरने अंतर आणि कंपासने दिशा एवढं लिहायचं. सांगायला सोपं आहे. आजपर्यंत चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर मिळून ३१ नोंदी झाल्यात. म्हटलं, सरांना पाठवण्याआधी स्वतःच एकदा पाहावं.

प्राणी आपल्यापासून किती लांब होता, हे अंतर शेवटी हिशोबात येत नाही. तो रेषेपासून किती लांब होता, म्हणजे लंब अंतर किती, ते लागतं. कारण रेषेपासून जितकं लांब जाऊ, तितके जास्त प्राणी झाडोऱ्यात नजरेतून सुटतात. लंब अंतरं पाहूनच किती सुटले असतील त्याचा अंदाज बांधता येतो आणि त्यावरून चौरस किलोमीटरला चितळ किती, हे काढतात. या पद्धतीचं सगळं ओझं एका गृहीतावर आहे: अगदी रेषेवर किंवा रेषेला लागून असलेला प्राणी सुटलेला नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त नोंदी रेषेजवळच्या असायला हव्यात आणि लांब जाऊ तशा त्या कमी व्हायला हव्यात.

मी दहा-दहा मीटरचे कप्पे केले आणि रेघा मारत गेले. ० ते १० मीटर: दोन. १० ते २०: पाच. २० ते ३०: बारा. ३० ते ४०: सहा. ४० ते ५०: चार. त्यापुढे दोन.

उतरत जायला हवा तो आकडा मधेच उंटासारखा पाठ काढून उभा. म्हणजे जंगलातली चितळं माझ्या रेषेपासून पंचवीस मीटर राखूनच चरतात, असं माझी वही म्हणतेय. चितळांना माझी रेषा माहीत नाही. गडबड माझ्यात आहे.

आणखी एक गोष्ट खटकली. मूळ अंतरांच्या रकान्यात ३१पैकी १४ आकडे शून्य किंवा पाचने संपतात. २०, ४५, ३०, ५०. खरोखर मोजलेले असते तर असे सहा-सातच यायला हवे होते. ही चोरी मला लगेच ओळखू आली. मधल्या आठवड्यात रेंजफाइंडरची बॅटरी गेली होती आणि बाजाराच्या दिवसापर्यंत मी डोळ्यांनी अंदाज घेत होते. डोळ्याला ३७ मीटर कधी दिसत नाहीत, त्याला ३५ किंवा ४०च दिसतात.

वीस-वीस मीटरचे मोठे कप्पे करून पाहिले. त्यात शून्य-पाचची चूक बरीचशी लपते, ही सोय आहे. सात, अठरा, सहा. उंट तसाच. म्हणजे अंदाजाचं पाप वेगळं आणि हे वेगळं.

२५ फेब्रुवारी

आज उत्तर सापडलं, तेही काकांकडून. काका वनमजूर आहेत, ही रेषा आखताना फांद्या त्यांनीच छाटल्या होत्या.

सहा बावन्नला उजवीकडे ऐनाच्या झाडाखाली चितळं दिसली. पाच माद्या, एक नर, एक पाडस. आम्ही थांबलो. माझा पाय सागाच्या वाळक्या पानावर पडला होता, आणि फेब्रुवारीतलं सागाचं पान म्हणजे पापडच. माद्यांनी माना वर केल्या आणि सगळा कळप उजवीकडे पळाला. बराच आत जाऊन, धावड्यांच्या मागे, परत थांबून आमच्याकडे बघत राहिला. मी रेंजफाइंडर उचलून तिकडे धरला.

काका हळूच म्हणाले, "मॅडम, ते तं आधी त्या ऐनाखाली होते. तुम्ही मोजता ते पळाल्यावरचं."

महिनाभर मी हेच करत होते. प्राणी पळाला की नजर त्याच्यामागे जाते, आणि थांबल्यावर तो नीट दिसतो म्हणून तिथलंच अंतर घ्यायचा मोह होतो. नोंदवायची असते ती त्याची पहिली जागा, आपल्यामुळे हलण्याआधीची. रेषेजवळचे कळप सगळ्यात आधी बिचकतात, म्हणून ० ते १०चा कप्पा जवळजवळ रिकामा आणि २० ते ३०चा फुगलेला. हे असंच विश्लेषणात गेलं असतं, तर अंतरं मोठी आल्यामुळे आपल्याला रेषेच्या बाजूचा पट्टा आहे त्यापेक्षा रुंद दिसतो असं निघालं असतं, आणि चितळांची घनता खऱ्यापेक्षा कमी आली असती. प्राणी तेवढेच, कागदावर मात्र कमी.

आता ऐनाच्या बुंध्यावर लेझर मारला: ४६ मीटर. प्राण्यापेक्षा झाड बरं, ते हलत नाही, आणि लेझर मधल्या गवताच्या पात्यावर अडकून ९ मीटर दाखवतो तो घोळही कळतो. कळप पसरलेला असेल तर जवळच्या मादीचं अंतर घ्यायचं नाही, कळपाच्या मध्याचं घ्यायचं. इथे मध्य ऐनापाशीच होता.

मग कंपास. ऐनाची दिशा ३२ अंश आली. मला ती पटेना, कारण ते झाड उत्तरेच्या एवढं पूर्वेला वाटत नव्हतं. काका अगदी माझ्या खांद्याशी उभे होते आणि त्यांची कुऱ्हाड माझ्या कोपराजवळ. ते चार पावलं मागे सरकले तशी सुई हलली आणि २० अंशांवर थांबली. मागच्या महिन्यातल्या किती दिशा कुऱ्हाडीने ठरवल्या असतील, देव जाणे.

कुटीवर येऊन हिशोब केला. रेषेची तिथली दिशा ३४० अंश, प्राण्याची २०. वजाबाकी केली तर ३२० येतात, पण उत्तर ओलांडली की खरा कोन ४० अंशांचा. लंब अंतर म्हणजे ४६ गुणिले साइन ४०, जवळपास २९.६ मीटर. एक्सेलमध्ये मी हे सूत्र वापरते, D रकान्यात अंतर आणि E मध्ये कोन:

```
=D2*SIN(RADIANS(E2))
```

३२० टाकले असते तर उत्तर उणे आलं असतं आणि डोळ्यात भरलं असतं. भीती दुसऱ्या चुकीची आहे. `RADIANS` लिहायचं राहिलं तर एक्सेल ४०ला अंश न समजता रेडियन समजतो आणि उत्तर देतो ३४.३. पूर्ण शहाण्यासारखा दिसणारा आकडा. पहिल्या आठवड्याच्या शीटमध्ये तो शब्द नव्हता, हे आज कळलं. ती सूत्रं दुरुस्त केली, कारण मूळ अंतर आणि कोन वहीत होते. म्हणूनच वहीत लंब अंतर लिहायचं नाही, मोजलेलंच लिहायचं.

म्हणजे काल रात्रीच्या उंटातला थोडा भाग एक्सेलचाही होता. दुरुस्तीनंतर पुन्हा कप्पे भरले. दोन नोंदी इकडून तिकडे गेल्या, पाठ तशीच.

पळाल्यावर मोजलेल्या नोंदींचं काय करायचं? आठवून दुरुस्त करायला हात शिवशिवत होता. "हा कळप खरं तर दहा मीटरवर असणार." असणार! सरांना फोन केला. ते म्हणाले, एकही आकडा बदलू नकोस, शेऱ्यात लिही. मग १४ नोंदींसमोर "अंदाज" आणि जिथे नक्की आठवतंय तिथे "हलल्यानंतरचं अंतर" लिहिलं. त्या ठेवायच्या की वगळायच्या, ते विश्लेषण करताना ठरेल. तसंही ३१ नोंदींवर फारसं काही काढता येत नाही, निदान साठ-ऐंशी तरी हव्यात असं मानतात.

२७ फेब्रुवारी

वाघ दिसला! पाणवठ्याच्या कडेला, ऐटीत, शेपटीचं टोक पाण्यात. वहीत पाऊण पान त्याच्यावर लिहिलं. ट्रान्सेक्टच्या हिशोबाने त्याचं मोल शून्य. रेषा संपवून आम्ही परत येत होतो, आणि परतीच्या वाटेवरचं काहीच धरत नाहीत. गंमत म्हणजे जाताना दिसलेल्या रानडुकरांत पिल्लं किती होती, ते वाघाच्या नादात लिहायचं राहिलं आणि आता आठवत नाही. ती नोंद "किमान ४" अशी पांगळीच राहणार. वाघाची माहिती वनरक्षकाच्या बीटाच्या वहीत गेली, तिची जागा तीच.

काकांनी दोनदा डावीकडे बोट दाखवलं, "सांबर आहे तिकडं, वाजलं." वाजलं ते खरं, पण दिसलं नाही. ऐकलेलं मी शेऱ्यात लिहिते, नोंदीत नाही. काकांना हे अजिबात पटत नाही. त्यांच्या कानावर माझ्या डोळ्यांपेक्षा माझाही जास्त विश्वास आहे, पण उद्या माझ्या जागी दुसरी कोणी आली तर तिच्यासोबत काकांचे कान नसतील.

२८ फेब्रुवारी

आज दीड तासात काहीच नाही. एक मोर, दोन वानरं, आणि माणसांच्या बोलण्याचा लांबून आवाज. अशा दिवशी फॉर्म भरायचा कंटाळा येतो, आणि मला लाज वाटते की जानेवारीत मी असे दोन कोरे दिवस भरलेच नव्हते. "काही नव्हतंच तर काय लिहायचं?" हाच विचार.

आज पाटीवर आकडे मांडले. जानेवारीत सहा वेळा चालले, म्हणजे १२ किलोमीटर, चितळांच्या नोंदी ९. किलोमीटरला पाऊण. कोरे दोन दिवस गाळले तर चाललेलं अंतर ८ किलोमीटरच राहतं आणि तेच ९ कळप किलोमीटरला १.१च्या वर जातात. चितळ एकही वाढलं नाही, मी दोन फॉर्म भरले नाहीत एवढंच झालं, आणि कळप दीडपट. पळालेल्या कळपांनी घनता खाली ओढली होती, कोऱ्या फॉर्मांनी ती वर ढकलली. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील, असं म्हणायची सोयही नाही, कारण कोणती किती मोठी हे मोजायला माझ्याकडे काहीच नाही.

चालल्याचे ते दोन दिवस फोनमधल्या ट्रॅकवरून सापडले, सुरू आणि शेवटच्या वेळांसकट. फॉर्म आता भरले, वर तारीख आजची घातली आणि "उशिरा भरला" असं लिहिलं.

२ मार्च

काल संध्याकाळी काकांनी फडा घेऊन रेषेवरची सागाची पानं बाजूला केली. दोन किलोमीटर. मी अर्ध्यात दमले, ते नाही.

आज सहा एकेचाळीसला वाटेवरच, पंधरा मीटर पुढे, सांबराची मादी उभी होती. पान वाजलं नाही. ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. काकांनी कुऱ्हाड न सांगता मागे, मोहाच्या बुंध्याला टेकवली होती. लेझर तिच्याशेजारच्या तेंदूच्या खोडावर मारला, कंपास धरला. रेषेची दिशा ३४०, तिचीही ३४०. कोन शून्य, लंब अंतर शून्य.

महिन्याभरातलं हे माझं पहिलं शून्य. लिहून होईपर्यंत ती हलली नव्हती.