झोंबणारं सनस्क्रीन कपाळावरून येत होतं

चार-साडेचार किलोमीटर झाले की डावा डोळा, आणि पुढच्या दहा मिनिटांत उजवा. जवळजवळ दोन महिने माझं धावणं असंच चाललं होतं. आधी नुसतं चुरचुरायचं, मग धार लागायची, मग एक डोळा मिटून धावायचं. घरी येऊन तोंड धुतलं तरी अर्धा तास समोरचं सगळं धुरकट दिसायचं.

सनस्क्रीन झोंबतंय हे कळायला वेळ लागला नाही, कारण न लावता धावले त्या दिवशी काही झालं नाही. म्हणून मी सगळे करतात तेच केलं: डोळ्यांभोवती लावायचं बंद केलं. आधी बोटभर जागा सोडली, नंतर दोन बोटं. चुरचुर तशीच. वर डोळ्यांखाली आणि गालफडांच्या वरच्या भागावर दोन काळपट चंद्रकोरी उमटल्या, कारण तिथे संरक्षणच उरलं नव्हतं.

मग एका रविवारी डोकं चालवलं. तीन दिवस तेच सनस्क्रीन, तोच वेळ, तोच रस्ता. फक्त लावायची जागा बदलायची. पहिल्या दिवशी नेहमीसारखं पूर्ण चेहऱ्याला, डोळ्यांभोवती सोडून. झोंबलं. दुसऱ्या दिवशी गाल, नाक, हनुवटी आणि अगदी डोळ्यांच्या खालच्या हाडापर्यंतसुद्धा लावलं, पण कपाळ कोरडं ठेवून वर टोपी घातली. सगळा वेळ डोळे स्वच्छ! तिसऱ्या दिवशी फक्त कपाळाला लावलं, बाकी चेहरा मोकळा. पाचव्या किलोमीटरला दोन्ही डोळे पेटले.

म्हणजे मी दोन महिने चुकीच्या जागेशी भांडत होते. नंतर आरशासमोर उभं राहून बघितलं तर गोष्ट अगदी साधी आहे. डोळ्याखालचा घाम गालावरून खालीच जातो, तो वर चढत नाही. कपाळाचा घाम मात्र भुवईपर्यंत येतो, भुवईचे केस त्याला थोडा वेळ अडवतात, आणि केस भिजले की तो नाकाकडच्या कोपऱ्यातून किंवा पापणीच्या बाहेरच्या टोकाकडून आत उतरतो. माझी डावी भुवई विरळ आहे. डावा डोळा आधी का, याचं उत्तर बहुधा तिथेच होतं.

यानंतर मी ट्यूब उलटी करून घटक वाचले. माझं हलकं, जेलसारखं, अजिबात पांढरं न दिसणारं सनस्क्रीन होतं. त्यात ॲव्होबेन्झोन, होमोसॅलेट, ऑक्टोक्रिलीन. हे ऊन अडवणारे, तेलात विरघळणारे फिल्टर असतात. घाम आणि त्वचेचं तेल मिसळलं की त्यांचा थर सुटतो, वाहतो आणि डोळ्यातल्या अश्रूंच्या पातळ पडद्यावर जाऊन बसतो. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचं तसं नसतं. ते बारीक कण असतात, विरघळत नाहीत, आणि डोळ्यात गेले तर खुपतील, पण सहसा तशी आग करत नाहीत.

इथे मी एकदा फसले, तेही सांगते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘मिनरल’ लिहिलेली ट्यूब आणली आणि ती पहिल्याच दिवशी झोंबली. मागे बघितलं तर झिंक होतं, पण सोबत ऑक्टोक्रिलीनही होतं, वर सुगंध आणि अल्कोहोल. तेव्हापासून मी पुढची बाजू वाचतच नाही. मागच्या यादीत फिल्टर म्हणून फक्त झिंक किंवा टायटॅनियम हवं, आणि सुगंध नको. तरीही खात्री नसते, कारण फिल्टर सोडून क्रीममधलं बाकीचं काहीही एखाद्याला झोंबू शकतं. म्हणून नवीन काही आणलं की आधी एक दिवस घरीच लावून बसते. घाम नसताना, नुसतं बसल्या बसल्या अर्ध्या तासात डोळे चुरचुरले, तर ते सनस्क्रीन आपणहून पसरतंय. धावताना ते काय करेल हे बघायची गरजच नाही.

आता माझ्या चेहऱ्याचे तीन भाग आहेत. कपाळाला फक्त झिंकची स्टिक, कारण ती मेणासारखी घट्ट असते आणि क्रीमइतकी सहज वाहत नाही. तिची एक अडचण म्हणजे एकदा फिरवली की लावलं असं वाटतं, पण थर फारच पातळ बसतो. मी प्रत्येक जागेवरून चार वेळा फिरवते, मग बोटाने दाबून एकसारखं करते. भुवईच्या वर पाव बोटभर पट्टी जरा जाड ठेवते आणि भुवईच्या केसांत काहीच घालत नाही. डोळ्यांभोवती, म्हणजे बोटाला हाड लागतं तिथपर्यंत, झिंकचं बिनवासाचं क्रीम अनामिकेने थोपटून. पापण्यांच्या कडेजवळ जात नाही. गाल, नाक, हनुवटी, मान यांना मात्र माझं जुनं जेलच लावते, आणि कंजुषी न करता. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांबीभर ओढलेल्या रेघा हे प्रमाण मी पाळते. त्यातून कपाळापुरतं कमी. कुणी विचारेल की सगळीकडेच झिंक का नाही? कारण मग मी भुतासारखी पांढरी दिसते, आणि दिसायला नको म्हणून हळूहळू कमी लावायला लागते. मला माझी सवय माहीत आहे.

लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं थर बसू द्यायचा आणि मगच बूट घालायचे. खाली मॉइश्चरायझर अगदी कमी, डोळ्यांभोवती तर नाहीच. तेलकट थरावर सनस्क्रीन घसरतं.

भुवईवर पेट्रोलियम जेलीची रेघ ओढायचा सल्ला मला एका धावणाऱ्या मैत्रिणीने दिला होता. अर्धा तास घाम खरंच कानाकडे वळला, पण मग जेलीच वितळून डोळ्यात आली आणि दिवसभर धुकं. कपाळपट्टी त्यापेक्षा बरी, पण ती पूर्ण भिजली की स्पंजासारखी एकदम पिळली जाते. तासाभराने तरी बदलायला हवी. टोपीची रुंद कड आणि गॉगल हे दोन्ही हवेतच, कारण पापण्यांवर मी काहीच लावत नाही.

मोठ्या पल्ल्याला दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं आणि तिथे हमखास गडबड होते. ओल्या कपाळावर स्टिक फिरवली तर ती बसतच नाही, घामात तरंगते. आधी कोरड्या कापडाने टिपायचं. पुसायचं नाही, आडवं तर मुळीच नाही, कारण कपाळावरचं सगळं भुवईत ओढलं जातं. आणि त्याच बोटाने डोळा चोळायचा नाही. मी एकदा चोळला होता, एवढंच सांगते.

अजूनही खूप लांब धावले की कधी कधी चुरचुरतं. पण ते घामाचं मीठ असतं. चार वेळा पापण्या मिटल्या, थोडं पाणी मारलं की जातं. सनस्क्रीनची आग तशी जात नाही, पाण्याने उलट पसरल्यासारखी वाटते, आणि तेव्हा लेन्स असतील तर काढून स्वच्छ पाण्याने काही मिनिटं डोळा धूत राहावं लागतं. त्यानंतरही दुखणं, लाली किंवा अंधूक दिसणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. कितीही जपलं तरी थोडं झिंक भुवयांत जातंच, आणि धावून आले की मुलगी दारातच म्हणते, ‘आई, आज परत म्हातारी झालीस.’