लसीच्या कार्डावरचं ०८/०६: जून की ऑगस्ट?

मूल अमेरिकेतल्या शाळेत घालायचं ठरलं की भारतातलं लसीकरण कार्ड स्कॅन करून पाठवा, असा निरोप पुण्याला किंवा सांगलीला आजी-आजोबांकडे येतो. कार्डावर तारखा आपल्या पद्धतीने, आधी दिवस मग महिना. शाळेची नर्स किंवा क्लिनिकमधली कारकून त्या तिकडच्या सवयीने आधी महिना धरून वाचते. १३ ते ३१ मधला आकडा असेल तर घोटाळा होत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ०५/०५ सारखी तारीख कशीही वाचली तरी तीच. उरतात वर्षातले १३२ दिवस, जे दोन्ही पद्धतींनी खरे वाटतात. म्हणजे दर तीन तारखांमागे एकाहून थोड्या जास्त.

आपण भारतीय आहोत, म्हणून सगळ्या तारखा दिवस-आधी, असं धरून चालत नाही. त्याच कार्डावर पुढे अमेरिकन क्लिनिकने नोंदी केलेल्या असतात. म्हणून निर्णय पानाचा नाही, हस्ताक्षराचा किंवा शिक्क्याचा घ्यायचा, आणि तोही सवयीवरून नाही, दोन तारखांमधल्या अंतरावरून.

एक नमुन्याचं कार्ड घेऊ. जन्मतारीख ०५/०३/२०१९. पेंटाव्हॅलेंटचे तीन डोस १६/०४/२०१९, १४/०५/२०१९ आणि ११/०६/२०१९. गोवर-गालगुंड-रुबेला, म्हणजे एमएमआर, ०५/१२/२०१९ आणि ०८/०६/२०२०. कांजिण्यांची लस १४/०७/२०२०. त्याखाली वेगळ्या शाईत, अमेरिकन क्लिनिकच्या शिक्क्यासह, एमएमआर ०३/०४/२०२४ आणि क्षयरोगाची त्वचाचाचणी: दिली ०३/०४/२०२४, वाचली ०३/०६/२०२४.

सुरुवात जन्मतारखेपासून, कारण बाकी सगळं वय तिच्यावरून मोजायचंय. ५ मार्च की ३ मे? भारतीय पासपोर्टवर छापलेली तारीखही ०५/०३/२०१९ अशीच असते, तिचा उपयोग नाही. पण फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यातल्या दुसऱ्या ओळीत जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते: `190305`. त्याच्या लगेच पुढचा आकडा हा पडताळणीचा. इथे तो 0 येतो. `190503` असती तर 2 आला असता. स्कॅन पुसट असेल तर हा आकडा फार कामाचा. पासपोर्ट हाताशी नसला तरी कार्डच साक्ष देतं: जन्म ३ मेचा मानला तर १६ एप्रिलचा डोस जन्माआधीच पडतो.

आता ११/०६/२०१९. भारतात पहिले डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात. ५ मार्चपासून ४२ दिवस म्हणजे १६ एप्रिल, ७० दिवस म्हणजे १४ मे आणि ९८ दिवस म्हणजे बरोबर ११ जून. ६ नोव्हेंबर मानलं तर आधीच्या डोसपासून १७६ दिवस जातात. असा उशीर घडत नाही असं नाही, पण आधीचे दोन डोस दिवस न चुकवता दिलेले असताना तिसरा नेमका तारखेची अदलाबदल करून मिळणाऱ्या दिवशी पडावा, हे पटत नाही.

०५/१२/२०१९ वर डोकं शिणवण्याआधी एक प्रश्न विचारावा: फरक पडतो का? अमेरिकेत एमएमआरचे दोन डोस पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतर दिलेले लागतात. ५ डिसेंबर असो वा १२ मे, दोन्ही वाढदिवसाआधीचे. आपल्याकडचा नऊ महिन्यांचा डोस तिकडे हिशेबात धरलाच जात नाही. तरी उत्तर हवं असेल तर १२ मेला बाळ जेमतेम पावणेदहा आठवड्यांचं होतं, त्या वयात ही लस देत नाहीत. (१२ मे २०१९ ला रविवार होता, हाही दुजोरा, पण फक्त दुजोराच. रविवारी सकाळी दवाखाना उघडा ठेवणारे डॉक्टर आपल्याकडे कमी नाहीत.)

खरी अडचण ०८/०६/२०२० ची. ८ जूनला मूल पंधरा महिन्यांचं, ६ ऑगस्टला सतरा महिन्यांचं. वयाने दोन्ही चालतात. दोन्ही कामाचे वार, सोमवार आणि गुरुवार. इथे शेजारची ओळ कामी येते. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत विषाणूच्या लशी. त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस ठेवायचे. कांजिण्यांची तारीख १४ जुलै, तिच्यात शंका नाही. ८ जून ते १४ जुलै ३६ दिवस, नियमात बसतं. १४ जुलै ते ६ ऑगस्ट २३ दिवस, बसत नाही. म्हणून ८ जून. आणि कारकुनाने ऑगस्ट टाइप केला, तर नियमाप्रमाणे नंतरचा डोस, म्हणजे हाच एमएमआर, बाद ठरतो आणि मुलाला विनाकारण आणखी एक सुई.

शेवटी अमेरिकन शिक्का. क्षयरोगाची त्वचाचाचणी दिल्यावर ४८ ते ७२ तासांत वाचतात. दिवस-आधी वाचलं तर दिली ३ एप्रिलला आणि वाचली ३ जूनला, हे अशक्य. महिना-आधी वाचलं तर ४ मार्च आणि ६ मार्च. म्हणजे त्या शिक्क्याखालचं सगळं महिना-आधी, आणि शेवटचा एमएमआर ४ मार्च २०२४ चा.

कार्डाऐवजी कोणीतरी टाइप केलेला तक्ता आला तर जास्त सावध राहावं. अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये ११/०६/२०१९ टाइप केलं की ते निमूटपणे ६ नोव्हेंबर होतं, तर १४/०५/२०१९ तारीख म्हणून ओळखलंच जात नाही आणि नुसता मजकूर राहतं. रकाना हाताने सरळ केलेला नसेल तर ओळखण्याची खूण सोपी: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. अशा तक्त्यावरून काहीही ठरवू नये, मूळ कार्ड मागवावं.

गावाकडच्या आरोग्य केंद्राचं कार्ड देवनागरी आकड्यांत असू शकतं. आपला १ तिकडच्या माणसाला नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा. त्यामुळे ०४/०१ पाहून तो आठ आणि नऊ वाचतो, आणि मग दिवस-महिन्याचा वाद चुकीच्या आकड्यांवर सुरू होतो. स्कॅन रंगीत, ३०० डीपीआयवर आणि दोन्ही बाजूंचा करावा. रंग यासाठी की शाई बदललेली दिसते, आणि हस्ताक्षर कुठे बदललं ते त्यावरूनच कळतं. बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर तेही पूर्ण यावं; त्यावरच्या उत्पादनाच्या महिन्याआधी ती लस दिलेली असूच शकत नाही.

मूळ कार्डावर खाडाखोड करू नका. वेगळ्या कागदावर लस, कार्डावर आहे तशी तारीख, वाचलेली तारीख `08-JUN-2020` अशी महिना अक्षरांत, त्या दिवसाचं वय आणि कारण, असं लिहून सोबत जोडा. एखादी तारीख कशानेच सुटली नाही, तर ज्या डॉक्टरांनी लस दिली त्यांच्याकडून नोंदवहीतली तारीख लेटरहेडवर, महिना अक्षरांत लिहून घ्यावी. दवाखानाच बंद झाला असेल, तर तिकडचे डॉक्टर तो डोस पुन्हा द्यायला सांगण्याची शक्यता मोठी.