२५ टक्के म्हणजे किती रात्री?

मंगळवार, रात्रीचे अकरा

दुपारी डबा खाऊन झाल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसून त्या रिक्रूटर मॅडमना फोन केला. ऑफिसात बोलायची सोय नाही, मागच्याच टेबलावर साहेब बसतात. काचा बंद, एसी बंद, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. अशा थाटात मी माझ्या पुढच्या नोकरीबद्दल चौकशी करत होतो.

जागा माझ्याच कामाची आहे. साखर कारखान्यांचं ऑटोमेशन, म्हणजे पुण्यात पॅनेल बनवायचं, यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, म्हणजे पीएलसीचा, प्रोग्राम लिहायचा, इथे तपासायचा आणि मग कारखान्यावर जाऊन चालू करून द्यायचा. जाहिरातीत एक ओळ होती, 'प्रवास २५ टक्के, गरजेनुसार'. पहिल्या फोनवर मी विचारलं होतं की प्रवास कितपत असतो, तर मॅडम म्हणाल्या, "फार नाही सर, गरजेपुरता." चूक त्यांची नव्हती. असा प्रश्न विचारला की असंच उत्तर मिळतं.

आधीच्या कंपनीतही मी हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर ऐकून खूश झालो होतो. मग एका ऑक्टोबरात 'चार दिवसांचं काम आहे' म्हणून दोन शर्ट घेऊन गेलो आणि तेविसाव्या दिवशी परतलो. दिवाळी गेस्ट हाउसमध्ये झाली. रोज सकाळी उशीवर चिमणीतली काळी काजळी, खिडकीतून मळीचा आंबूस वास आणि व्हिडिओ कॉलवर पणत्या. सही करायच्या आधी मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की आमच्या धंद्यात असंच होणार. पण मी स्वतःलाच विचारलं नव्हतं.

होतं असं. बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याच्या आगेमागे होतं, गव्हाणीत मोळी पडते, फोटो निघतात, पेपरात बातमी येते. आमचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. पाण्यावर चाचणी घेता येते, वाल्व उघडतो का, पंप फिरतो का, एवढं त्यात कळतं. पण रसाचा पीएच चुना आणि सल्फर डायऑक्साइड घालून सातच्या आसपास धरून ठेवायचा, तो आपोआप धरून ठेवणारा लूप पाण्यावर कसा लावणार? त्याला खरा रस लागतो. रसाला ऊस लागतो, उसाला तोडणी मजूर लागतात आणि पाऊस उघडावा लागतो. सिव्हिलवाल्याला उशीर, पायपिंगवाल्याला उशीर, केबल ओढणाऱ्याला उशीर. रांगेत शेवटी ऑटोमेशनवाला उभा, म्हणून सगळ्यांचा उशीर आमच्या दिवसांतून वजा होतो. त्यातून तिथे नुसतं बसून राहावं लागतं. त्या दिवशी काही काम नसतं, पण घरीही येता येत नाही.

म्हणून आज टक्क्यांचं नावच काढलं नाही. आधी सांगून टाकलं की मॅडम, फिरायला माझी ना नाही, दहा वर्षं तेच करतोय, फक्त घरचं नियोजन करायचंय. मग विचारलं, "या जागेवर आधी जो इंजिनिअर होता, त्याने गेल्या वर्षी किती रात्री पुण्याबाहेर काढल्या? त्यातला सलग सर्वांत मोठा मुक्काम किती दिवसांचा, आणि कुठल्या महिन्यात?"

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, "असं कुणी विचारत नाही सर. मला डिपार्टमेंटला विचारावं लागेल." मला वाटलं, गेली ही नोकरी. पण संध्याकाळी साडेसहाला त्यांचाच फोन. प्रोजेक्ट हेडनी टाइमशीट काढून बघितली होती. (माणूस चांगला असावा. नाहीतर 'असल्या चौकशा करणारा नको' म्हणून मोकळा झाला असता.)

आकडे असे. ग्राहकाला बिल लावलेले कामाचे दिवस ६२. वर्षाचे कामाचे दिवस २४८ धरले तर बरोब्बर २५ टक्के. म्हणजे जाहिरातीत खोटं काहीच नव्हतं! पण साइटवर काढलेले रविवार ९, ते बिलात नाहीत. सहा दौरे, प्रत्येकी जायचा-यायचा एकेक दिवस, ते १२. आणि वाफ नाही, रस नाही म्हणून नुसते बसून काढलेले १४. सगळे मिळून ९७. आणि त्यातले ७१ एकट्या १५ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर या १०८ दिवसांत. सलग मोठा मुक्काम २६ दिवस. वर्षाला वाटून टाकलं की चौथा हिस्सा दिसतो. प्रत्यक्षात साडेतीन महिने माणूस घरी पाहुण्यासारखा येतो आणि उरलेलं वर्ष बहुतेक पुण्यातच असतो.

डीएचंही विचारून घेतलं. दिवसाचा भत्ता रविवारी मिळतो का, बसून राहिलेल्या दिवसांचा मिळतो का? मिळतो म्हणाल्या. पण एकाच ठिकाणी ३० दिवसांच्या वर राहिलं तर तो निम्मा होतो, कारण मग त्यांच्या हिशेबात तो दौरा नसून पोस्टिंग असतं. हे विचारलं नसतं तर पहिल्या लांब मुक्कामाच्या पगारात कळलं असतं. मध्ये घरी यायचं तिकीट कंपनीचं की स्वतःचं, याचं उत्तर उद्यावर गेलंय.

एवढं सगळं तोंडी झालं. नेमणूकपत्रात 'कंपनीच्या गरजेनुसार भारतात कुठेही पाठवले जाईल' हे कलम असणारच, ते मी प्रत्येक पत्रात वाचलंय. त्यापुढे मॅडमच्या मेलला कायद्यात किती वजन आहे कुणास ठाऊक, फार नसावं. तरी मेल मागितलाय, आणि ट्रॅव्हल पॉलिसीची दोन पानंही. पुढे साहेब बदलले तर निदान दाखवायला कागद हवा. आणि हे राजीनामा द्यायच्या आधी हवं. नोटीस पिरियडच्या तीन महिन्यांत पॉलिसी हातात पडली तर तिचं काय करणार, लोणचं?

बायकोला आकडे सांगितले. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच निघाले, असं म्हणाली. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलीने ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत एक फिकट रेघ ओढली. तिच्या बँकेची सहामाही सप्टेंबरअखेर, म्हणजे तेव्हा तीही रात्री नऊला घरी येणार. चिमीची परीक्षा, शाळेची बस, दोन्ही रेघेच्या आत. माझ्या सासूबाई तेव्हा येऊन राहतील का, हे बायकोने लगेच फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या गणपती झाल्यावर येते, दिवाळीपर्यंत राहते.

मग रेघेवर दिवाळीचे चार दिवस तिने गोल केले आणि म्हणाली, "हे विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत परत गाडीत बसतो.