ताटली ज्याची त्याने धुवायची: सातवीच्या पोरांसोबतचा माझा अनुभव

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, आणि खिचडी खाऊन झाली की सगळी पोरं एकदमच नळावर. तिथे दुसरीतली दोन-तीन पोरं रोज तीन तीन ताटल्या घासताना दिसायची, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. विचारलं की म्हणायची दादाची आहे. सातवीच्या पोरांना विचारलं तर शांतपणे उत्तर आलं, बाई आम्ही लहान होतो तेव्हा आम्हीपण धुतल्यात की. म्हणजे त्यांच्या लेखी हा त्रास नव्हताच, आता त्यांची पाळी आली होती एवढंच. इथे नुसतं रागावून काय होणार, चार दिवस थांबतील आणि परत सुरू.

तक्रार पेटी होती, पण पहिली-दुसरीची पोरं त्यात लिहिणार काय? म्हणून वर्गात फरशीवर खडूने शाळेचा नकाशा काढला, वर्ग, नळ, संडास, मैदान, गेट, आणि एकेकाला बोलावून सांगितलं की जिथे जायला नको वाटतं तिथे खडा ठेव, नाव कोणाचंच सांगायचं नाही. सगळ्यात जास्त खडे नळावर, त्याखालोखाल गेटच्या बाहेर.

मग सहावी-सातवीसोबत नाटुकलं घेतलं, ज्याला ट्रेनिंगमध्ये रोल प्ले म्हणतात. लहान पोरांना मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण ज्याला रोज त्रास होतो त्याला सगळ्यांसमोर पुन्हा तेच सोसायला लावायचं नसतं. भूमिका पाच: छोटू, दादा, दोन हसणारे आणि एक नुसता बघणारा. वाटप मी केलं, आणि जो खरंच ताटल्या धुवून घेतो त्याला दादा अजिबात दिला नाही, नाहीतर त्याला तर स्टेजच मिळतं. चिडवायचं नावही खोटं ठरवून दिलं, नाहीतर नाटकातलं नवं नाव दुसऱ्या दिवशी मैदानात ऐकू येतं.

सुरुवातीला नुसता हशा, दादा झालेला पोरगा एकदम फॉर्मात. मग मी टाळी वाजवली, टाळी म्हणजे सगळे जागच्या जागी पुतळा, आणि एकेकाला विचारलं आत्ता मनात काय चाललंय. छोटू म्हणाला, खिचडी अर्धी टाकून आलो, उशीर झाला तर ओरडतो. हसणाऱ्यांपैकी एक जरा वेळाने म्हणाला, नाही हसलो तर माझा नंबर लागेल. वर्ग एकदम गप्प. दादावर लेक्चर देऊन जे झालं नसतं ते या एका वाक्याने झालं.

दुसऱ्या फेरीत नियम असा की बदलायचा फक्त बघणारा, ज्याला काही सुचेल त्याने टाळी वाजवून त्याच्या जागी यायचं. (ब्राझीलच्या ऑगस्टो बोआलच्या फोरम थिएटरमध्ये असंच प्रेक्षकाला आत घेतात.) पहिले सगळे पिक्चरचे हिरो, कॉलर धरून ढकलाढकली! मी विचारलं, आणि उद्या बाई नसताना छोटूचं काय होईल? मग एका मुलीने येऊन फक्त दोन ताटल्या उचलून दादाच्या हातात दिल्या आणि छोटूला म्हणाली, चल, तुला वर्गात बोलावलंय. ना भांडण ना भाषण. ते सगळ्यांना पटलं, मग तेच चार-पाच जणांकडून करून घेतलं. शेवटी प्रत्येकाने आपलं खरं नाव सांगून भूमिका सोडायची, हे विसरायचं नाही.

कसं वागायचं याचा पोरांचा करार त्यानंतरच, लगेच त्याच तासाला. पोरांनी फळाभर वाक्यं लिहिली, त्यातलं ‘कोणी कोणाला त्रास देणार नाही’ मी पुसलं, कारण त्रास म्हणजे काय यावरच भांडण होतं. राहिली ती डोळ्यांना दिसणारी: आपली ताटली आपण धुवायची, नळावर पहिली-दुसरी आधी, हाक खऱ्या नावाने, कोणी चिडवलं तर हसायचं नाही. मोडलं तर काय हेही त्यांनीच ठरवायचं होतं, तर पोरांनी सुचवलं उठाबशा! त्याला मी नाही म्हटलं, शाळेत तसली शिक्षा कायद्यानेच बंद आहे. मग ठरलं की मोडणाऱ्याने आठवडाभर पहिलीसोबत बसून जेवायचं आणि बाईंसोबत नळाची रांग लावायची. सह्या झाल्या, लहानांसाठी चित्रं काढून कागद नळाजवळ लावला, आणि शनिवारी परिपाठानंतर दहा मिनिटं फक्त विचारायचं, कुठलं वाक्य पाळलं गेलं नाही.

ताटल्यांचं लवकर थांबलं, कारण ते सगळ्यांना दिसतं. नावाने चिडवणं मात्र गेलं नाही, ते गेटच्या बाहेर सरकलं, घरी जायच्या वाटेवर. आता तिथलं वाक्य त्या वाटेने जाणाऱ्या पोरांकडूनच लिहून घेतेय, आणि पालकांनाही सांगितलंय. बाकी मारहाण, पैसे मागणं किंवा अंगाला हात लावणं असं काही निघालं तर मी नाटकाच्या भानगडीत पडत नाही, सरळ मुख्याध्यापक आणि घरचे, गरज पडली तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.