अडीच टक्के म्हणजे पंचाहत्तर शर्ट नव्हेत

परदेशी खरेदीदाराचं तपासणी मानक हातात घेऊन शेठनी मला कारखान्यात बोलावलं, तेव्हा त्यांचा हिशोब आधीच तयार होता. "तीन हजार शर्टांची ऑर्डर, मेजर म्हणजे मोठ्या दोषाला एक्यूएल, म्हणजे दर्जाची स्वीकारार्ह मर्यादा, २.५ टक्के. म्हणजे पंचाहत्तर खराब चालतात. आपल्याकडे शिवण उसवलेले बासष्टच आहेत. घालू बॉक्समध्ये."

मी त्यांना आधी तक्ता उघडून दाखवला. मानक आयएसओ २८५९-१ वर बेतलेलं होतं आणि त्यात सर्वसाधारण तपासणीची पातळी दोन ठरलेली होती. १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटला त्या पातळीत 'के' हे अक्षर येतं आणि 'के' म्हणजे १२५ नगांचा नमुना. २.५ च्या रकान्यात मेजर दोष असलेले सात नग निघाले तर लॉट पास, आठ निघाले तर नापास. सुट्या धाग्यासारख्या मायनर दोषाला एक्यूएल ४, म्हणून तिथे दहा पास, अकरा नापास. दोन्ही हिशोब वेगळे. मायनर कमी निघाले म्हणून मेजरला सूट मिळत नाही.

शेठ लगेच अडले. "१२५ चे अडीच टक्के तीन होतात. मग सात कसे?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. शिलाई विभागातून मी बटणं मागवली. ९७५ पांढरी, २५ काळी, एका डब्यात नीट ढवळून. शेठनी न बघता १२५ मोजून काढली: काळी दोन. परत टाकून पुन्हा काढली: पाच. माल अडीच टक्क्यांचाच, पण नमुन्यात काळी कधी कमी येतात, कधी जास्त. अशा मालाला नशिबाच्या फेऱ्याने नाकारलं जाऊ नये, म्हणून सातपर्यंत जागा ठेवलेली असते. मग काळी पन्नास केली. एकदा सहा आली, एकदा नऊ. पाच टक्के खराब माल दहापैकी सुमारे सात वेळा पास होतो, हे मला त्यांच्यापासून लपवायचं नव्हतं. दहा टक्के खराब असेल तर मात्र तो क्वचितच सुटतो.

"मग बासष्ट घातले तर पास होईलच की!" शेठ म्हणाले.

बहुतेक होईल, हे मी मान्य केलं. पण त्याच मानकात स्पष्ट लिहिलंय की एक्यूएल ठरला म्हणून माहीत असलेला एकही दोषी नग पाठवायचा हक्क पुरवठादाराला मिळत नाही. ते कलम मी मराठीत वाचून दाखवलं. एक्यूएल हा मालाच्या सततच्या दर्जाचा निकष आहे, ठरवून खराब घालण्याचा कोटा नव्हे. शेठनी ते पान स्वतःकडे ओढलं आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

बासष्ट शर्ट पुन्हा मशीनवर गेले. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या बॉक्समधून, वरचे-खालचे मिसळून, १२५ शर्ट काढले. मेजर दोन, मायनर सहा.